‘कुठेही यायला तयार आहे’ या वाक्यावर कुणी मुलाखतीला बोलावत नाही

प्रिय ताई,
मी बार्शीची. बीकॉम झालंय, दोन वर्षं इथल्या एका कर सल्लागारांकडे टॅली आणि जीएसटीचं काम करते. भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सची जागा आहे. कव्हर लेटरमध्ये मी लिहिलंय, ‘मी कुठेही स्थलांतरित होण्यास व कोणतेही काम करण्यास तयार आहे. माझ्या वडिलांची परवानगी आहे.’ याआधी अशीच अकरा पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. हडपसरला मावशी राहते, तिच्याकडे राहायचा विचार आहे. बार्शीची असणं आड येतंय का?
— अकरा पत्रं पाठवलेली

अगं,

थोडं आड येतं, हे खरं आहे. पण तुला वाटतंय त्या कारणाने नाही. मी बरीच वर्षं पुण्यातल्या एका कंपनीत भरतीचं काम पाहिलं. बाहेरगावचा अर्ज हातात आला की आमच्या मनात तीनच प्रश्न यायचे: मुलाखतीला येईल का, ठरलेल्या दिवशी रुजू होईल का, आणि दोन महिन्यांत परत जाईल का? एकदा आम्ही एका मुलाची वाट पाहत जागा पाच आठवडे अडवून ठेवली. रुजू व्हायच्या आदल्या रात्री त्याचा मेसेज आला, ‘घरून नको म्हणतात.’ त्यानंतर आमचे साहेब बाहेरगावचे अर्ज आधी बाजूलाच काढायचे. माझ्या मते ते चुकीचं होतं, पण तो धसका खरा होता. तुझ्या पत्राने तो घालवायला हवा.

‘कुठेही’ने तो जात नाही. तो शब्द प्रत्येक अर्जात असतो. वडिलांच्या परवानगीचं वाक्य तर उलट वाचणाऱ्याच्या मनात शंका घालतं की हिच्या घरी वाद झाला असावा. ते काढून टाक. तू कमावती आहेस, अर्ज तुझा आहे. ‘कोणतेही काम’ही काढ, कारण त्यांना अकाउंट्सचंच माणूस हवं आहे.

आता हडपसर. बार्शीहून सोलापूर रस्त्याने येताना ते आधी लागतं, म्हणून तुला जवळचं वाटत असेल. भोसरी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. बस बदलत जायचं तर एका बाजूला दीड तास सहज जातो, पावसाळ्यात त्याहून जास्त. भोसरीत बसून तुझं पत्र वाचणाऱ्याला हे पाठ आहे. ‘हडपसरला मावशीकडे राहीन’ वाचलं की तो मनात म्हणणार, ही महिनाभर टिकेल. मावशीकडे पहिले चार-आठ दिवस राहा, पण पत्रात भोसरी किंवा मोशीकडची जागा येऊ दे. त्यासाठी आधी एक दिवस जाऊन ये. मुलींच्या हॉस्टेलमध्ये कॉट बेसिसवर काय पडतं, डिपॉझिट किती, डबा कुठून येतो, रात्री गेट किती वाजता बंद होतं, हे विचार. महिनाअखेरीला अकाउंट्सवाल्यांना उशीर होतो, म्हणून गेटची वेळ नक्की विचार.

पैशांचाही हिशेब मांड, तो तुझ्या हातचा मळ आहे. समजा कॉटचे ५,००० आणि डिपॉझिट तेवढंच, डब्याचे ३,५००, बस आणि किरकोळ खर्चाचे ३,०००. म्हणजे पहिला पगार येण्याआधी १६,५०० हातात हवेत. शिवाय बऱ्याच कंपन्यांत पगाराचा हिशेब महिन्याच्या २०-२५ तारखेला बंद होतो. त्यानंतर रुजू झालीस तर त्या महिन्याचे दिवस पुढच्या पगारात धरले जातात आणि आणखी एक महिना तसाच काढावा लागतो. घरातून परत बोलावणं येतं ते बहुतेक याच वेळी. तेव्हा तीसेक हजारांची सोय झाल्याशिवाय तारीख लिहू नकोस.

तारीख मात्र लिहायचीच, आणि तिला कारण जोडायचं. तुझ्या कामातच ते आहे. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी. तू २० नंतरची तारीख दिलीस की अकाउंट्सच्या माणसाला लगेच कळतं, ही हातातलं रिटर्न अर्धवट टाकून येणारी नाही. सध्याच्या साहेबांना महिनाभर आधी सांगावं लागणार असेल तर तेही मोजून घे.

स्थलांतराचा भाग पत्राच्या शेवटी, पाच-सहा छोट्या वाक्यांत संपव. साधारण असा:

‘मी सध्या बार्शीत राहते. निवड झाल्यास २४ नोव्हेंबरला रुजू होऊ शकते. २० तारखेला माझ्याकडची त्या महिन्याची रिटर्न्स पूर्ण होतात. भोसरीत राहण्याची जागा पाहून ठेवली आहे. पहिली फेरी फोनवर किंवा व्हिडिओवर संध्याकाळी ६ नंतर कधीही देऊ शकते. प्रत्यक्ष मुलाखतीसाठी दोन दिवस आधी कळवल्यास स्वखर्चाने येईन.’

इंग्रजीत पाठवणार असशील तर वाक्यं अशीच तुटक ठेव. यातलं एकही वाक्य खोटं असता कामा नये. जागा पाहिली नसेल तर ते वाक्य लिहायचं नाही. काही मुलं बायोडेटावर पुण्यातल्या मित्राचा पत्ता टाकतात. मग फोन येतो, ‘उद्या सकाळी दहाला या,’ आणि तिथेच उघडं पडतं. बार्शीच लिही.

पत्राचा वरचा, मोठा भाग कामाला दे. तुझ्या पत्रात तो एका ओळीत उरकला आहेस आणि मला वाटतं ती अकरा पत्रं तिथेच अडली. ‘टॅली येते’ सगळेच लिहितात. तू रोज काय करतेस ते सांग: मार्केट यार्डातल्या किती आडत्यांची खाती तुझ्याकडे आहेत, १४ तारखेला २बी आली की खरेदीची बिलं तिच्याशी कशी ताडून पाहतेस, एखाद्या पुरवठादाराने बिल दाखवलंच नसेल तर त्याला फोन करून ते कसं चढवून घेतेस. भोसरीच्या कारखान्यात सुटे भाग पुरवणारे लहान-मोठे कितीतरी असतात आणि तिथे नेमकं हेच काम दर महिन्याला डोकं खातं. आडत्याकडून बिल काढून घेणारी मुलगी त्यांना हवी आहे. फक्त साहेबांच्या ग्राहकांची नावं किंवा आकडे लिहू नकोस; आज त्यांचं बाहेर सांगणारी उद्या आमचंही सांगेल, असं वाचणाऱ्याच्या मनात येतं.

‘बार्शीत वाव नाही’ असं कुठेही लिहू नकोस. खरं असलं तरी त्यातून तू गाव सोडते आहेस एवढंच कळतं. त्याऐवजी एका ओळीत लिही की दोन वर्षं व्यापाऱ्यांची खाती सांभाळली, आता कारखान्याचे हिशेब, स्टॉक आणि उत्पादन खर्च शिकायचा आहे. हे काम बार्शीत सहज मिळत नाही आणि भोसरीत मिळतं, हे वाचणारा आपणच जोडून घेतो.

बाबांशी बोलताना परवानगी विचारण्याऐवजी तो १६,५०० चा कागद त्यांच्यापुढे ठेव आणि हॉस्टेल बघायला त्यांनाच सोबत घेऊन जा. गेटची वेळ त्यांनी विचारली तर तिथल्या बाई नीट उत्तर देतील. कॉट रिकामी असेल तर २२ नोव्हेंबरपासून मिळेल का, हेही त्याच फेरीत विचारून या.

— ताई