थांबलं म्हणजे बरं झालं नाही

अगं,

तुझा मेसेज तीनदा वाचला. लघवी चहासारखी तपकिरी झाली, दुखलं काहीच नाही, जळजळ नाही, दोन दिवसात आपोआप नॉर्मल झाली, आता टेस्ट करून काय मिळणार असं तू विचारतेस. आणि शेवटी जाता जाता लिहिलंयस की घसा खूप धरला होता, मागच्या वेळी असं झालं तेव्हाही सर्दीच होती. तुला ते बिनमहत्त्वाचं वाटलं म्हणून शेवटी टाकलंस, पण मी तिथेच अडकलो.

मी एकतीस वर्षं लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली लोकांची लघवी बघितली, तेवढ्या अनुभवावर सांगतो. थांबलं म्हणजे बरं झालं नाही. लघवीतून रक्त जाण्याची जी काळजी करण्यासारखी कारणं आहेत ना, त्यातली बरीचशी अशीच वागतात, येतं, जातं, मधे महिनोन्महिने काही नाही. मूतखडा असता तर तू मला मेसेज केलाच नसतास, कंबरेतून जांघेकडे अशी कळ येते की माणूस पाच मिनिटं एका जागी बसू शकत नाही, रात्रीच गाठलं असतंस कोणाला तरी. इन्फेक्शनमध्ये जळजळ होते, सारखं जावं लागतं. म्हणजे दुखतं ते स्वतःच माणसाला डॉक्टरकडे नेतं. न दुखणारं रक्त कुणाला कुठे नेत नाही, म्हणून माझा राग त्याच्यावर जास्त आहे.

आता तुझं बघ. रंग लाल नाही, तपकिरी. रक्ताच्या गाठी पडल्या का विचारलं तर नाही म्हणालीस. मूत्राशयातून किंवा खालून रक्त आलं तर ते बहुतेक लाल-गुलाबी दिसतं, कधी गाठी असतात. किडनीच्या गाळण्यांमधून झिरपलेलं रक्त आम्लधर्मी लघवीत बराच वेळ राहतं, त्याचा रंग बदलतो, चहा नाहीतर कोलासारखा होतो, आणि त्यात गाठी सहसा होत नाहीत. वर घसा धरल्यावर एक-दोन दिवसात हे झालं, आणि दुसऱ्यांदा तसंच झालं. तुझ्या वयात ही जोडी दिसली की पहिलं नाव डोक्यात येतं ते आयजीए नेफ्रोपथी. आपलंच एक अँटिबॉडी प्रथिन किडनीच्या गाळण्यांत अडकतं आणि तिथे सूज येते. (घसा बरा होऊन एक ते तीन आठवड्यांनी असं झालं असतं तर वेगळं कारण शोधलं असतं, म्हणून तारखा लिहून ठेव, अंदाजे नको.) मी डॉक्टर नाही, निदान करत नाहीये, पण हे सगळं ऐकून मी गप्प बसू शकत नाही.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. रंग गेला तरी या आजारात लघवीत डोळ्यांना न दिसणाऱ्या लाल पेशी बऱ्याचदा चालूच राहतात. मायक्रोस्कोपखाली एका फील्डमध्ये ३ किंवा जास्त लाल पेशी दिसल्या की ते नॉर्मल धरत नाहीत. आणि नुसती संख्या नाही, आकार बघायचा. खालून आलेल्या पेशी गोल गुळगुळीत असतात, गाळणीतून चेपून आलेल्या वेड्यावाकड्या, कडेला फुगे आल्यासारख्या. कधी नळीच्या साच्यात बसलेली लाल पेशींची लांबट कांडी दिसते, तिला कास्ट म्हणतात, ती दिसली की रक्त किडनीतूनच आलंय. मला आयुष्यात ज्या स्लाइड लक्षात राहिल्या त्या या कांड्यांच्या. पण त्या ताज्या लघवीतच दिसतात, डबी टेबलावर तीन तास पडली की पेशी फुटतात आणि रिपोर्ट उगाच साफ येतो. म्हणून घरून भरून नेऊ नकोस, लॅबमध्येच दे, पहिली धार सोडून मधली, आणि पाळी चालू असताना किंवा जोरदार व्यायाम केल्यावर देऊ नकोस.

त्याच वेळी लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण, रक्तातलं क्रिएटिनिन, आणि बीपी. हो, चोविसाव्या वर्षी बीपी. यातलं प्रोटीनच पुढची दिशा ठरवतं. प्रोटीन जात नसेल, बीपी आणि क्रिएटिनिन ठीक असेल तर बऱ्याचदा ठरावीक महिन्यांनी तपासत राहतात एवढंच. प्रोटीन जास्त जात असेल तर किडनीचे डॉक्टर बायोप्सीचं बघतात, कारण हे निदान पक्कं तिथेच होतं. काही लोकांच्या किडन्या वर्षानुवर्षं हळूहळू खराब होतात आणि त्यांना कळत नाही कारण दुखत नाही, लवकर कळलं तर बीपी-प्रोटीन आटोक्यात ठेवायची औषधं आहेत.

तू म्हणशील काका एवढे का मागे लागलेत. माझ्या दादामुळे.

दादा अठ्ठावन्नचा, तीस वर्षं सिगरेट. एक दिवस लघवी लालभडक, दुखलं काही नाही. मला दाखवली. मीच स्लाइड बघितली, फील्ड भरून लाल पेशी, गोल गुळगुळीत. कल्चरमध्ये काही वाढलं नाही. आठवड्याने परत बघितली तर स्वच्छ. सोनोग्राफी करून घेतली, तीही नॉर्मल. मी म्हणालो उष्णता असेल, पाणी पी. माझ्या जागी कुणीही तेच म्हणालं असतं, दोन रिपोर्ट साफ होते हातात, असं मी स्वतःला कितीदा सांगितलंय, पण मला माहीत असायला हवं होतं. सोनोग्राफीत मूत्राशयातली छोटी किंवा चपटी गाठ निसटू शकते. त्या वयात, सिगरेट असताना, न दुखणारं दिसणारं रक्त म्हणजे सिस्टोस्कोपी करायचीच, दुर्बीण आत घालून डोळ्यांनी बघायचं, बधिर करणारी जेली लावून काही मिनिटांचं काम. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असली तरी तेच, गोळीमुळे आलं असेल म्हणून सोडायचं नाही. सात महिन्यांनी परत रक्त आलं, रक्ताच्या गाठींसकट, लघवी अडली, तेव्हा दुर्बीण घातली. कॅन्सरची गाठ मूत्राशयाच्या स्नायूत गेली होती. आतल्या थरातच असताना ती दुर्बिणीतूनच खरवडून काढता येते बऱ्याचदा. दादाचं मूत्राशय काढलं, आणि तो नंतर दोन वर्षं होता. त्या सात महिन्यांत तो मला दोनदा म्हणाला होता, "बघ, थांबलं ना."

थांबलं होतं. बरं झालं नव्हतं.

तुझ्या वयात तो कॅन्सर फार क्वचित, ते गुगल बघून रात्रभर जागू नकोस. तुझा रस्ता किडनीचा आहे, दादाचा मूत्राशयाचा होता, तपासण्या वेगळ्या, फसवणूक मात्र एकच. आणि घरात उरलेली अँटिबायोटिक घेतलीस म्हणालीस, ती आता बंद, जळजळ नव्हती, ताप नव्हता, कल्चर नव्हतं, गोळी कशावर घेतलीस? त्याने थांबलं असं वाटलं, पण ते थांबणारच होतं.

परत रंग आला तर त्याच दिवशी उजेडात फोटो काढ आणि त्याच दिवशी सॅम्पल दे. डोळ्याभोवती किंवा पायाला सूज आली, लघवी कमी झाली, किंवा थंडी वाजून ताप आणि कंबर दुखली तर सॅम्पलची वाट न बघता थेट हॉस्पिटल.

पण रंग यायची वाट बघायची नाहीये. पाळी संपली असेल तर उद्या सकाळी जा. मायक्रोस्कोपी हवी असं तोंडाने सांग, नुसती पट्टी बुडवून देतात कधी कधी, पट्टीला पेशींचा आकार कळत नाही. रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे जा, आणि घशाचं त्यांना सगळ्यात आधी सांग.

काका