संध्याकाळी बाळ सारखं दूध मागतं तेव्हा

अगं, 3 आठवड्यांचं बाळ संध्याकाळी दर अर्ध्या तासाने अंगावर मागतंय म्हणून लगेच वरचं दूध सुरू करू नकोस. या वेळी दूध एका वेळेस थोडंच येतं, पण त्यात स्निग्धांश जास्त असतो. बाळ पितं, सोडतं, रडतं, पुन्हा पितं. त्या पिण्यानेच दूध वाढतं. घरातले म्हणतील, ‘पोट भरत नाही त्याचं.’ तेव्हा लंगोट मोज. पहिल्या आठवड्यानंतर 24 तासांत निदान 6 चांगले ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय.

ही किरकिर साधारण सहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त असते, मग हळूहळू ओसरते. तोवर 8 वाजता झोपवायचा हट्ट नको. तू आधीच जेवून घे, दिवे मंद कर. शेवटचं पिऊन मुठी सैल पडल्या, की बरेचदा रात्रीची सर्वांत लांब झोप तेव्हाच लागते. त्याला पाठीवर झोपव आणि तूही लगेच आडवी हो, भांडी राहू देत. सोफ्यावर पाजता पाजता मात्र झोपू नकोस, ते बाळासाठी धोक्याचं आहे.

38 अंश ताप, हिरवी उलटी किंवा प्यायलाच न उठणं दिसलं, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठ.