आमच्या गावात टेनिस बॉलची स्पर्धा ठेवतोय, १६ संघ येतील. मैदान, ट्रॉफ्या, बॉल आणि पंच यांचा खर्च निघेल अशी प्रवेश फी किती ठेवावी?

नावं सोळा आली तरी खर्चाला बारानेच भागा. एवढं सांगून थांबलो असतो, पण यावरूनच आमच्या मंडळात माझं अध्यक्षांशी वाजलं होतं. मी खजिनदार.

त्यांचं म्हणणं, फी हजारच ठेवू, बाकीचं स्पॉन्सर बघतील. बॅनरवर पहिलं बक्षीस ११,००० छापूनही मोकळे! मी वहीत मांडून दाखवलं होतं: दोन दिवसांचं मैदान ८,०००, दोन पंच ४,०००, गुणलेखक १,२००, मोठ्या ट्रॉफ्या ४,०००, चुना-पाणी-स्पीकर १,०००. हे १८,२०० संघ कितीही आले तरी लागणारच. त्यावर दर मॅचला बॉल आणि सामनावीराची छोटी ट्रॉफी मिळून ४००. नॉकआउटला मॅच संघांपेक्षा एक कमी, म्हणजे सोळा संघांना पंधरा मॅच आणि एकूण २४,२००. संघामागे दीड हजार पडले. बाराच आले तर अकरा मॅच, २२,६००, संघामागे जवळजवळ १,९००. चार संघ गळाल्यावर खर्च जेमतेम १,६०० नी उतरतो, जमा मात्र सहा हजारांनी.

बॉलमध्ये काटकसर नको. प्रत्येक डावाला नवा बॉल द्या, शिवाय नाल्यात जाणारे वेगळे धरा. पहिल्या डावात मार खाऊन मऊ पडलेला बॉल दुसऱ्या डावाला दिलात की तो कॅप्टन पंचांच्या अंगावर येणारच.

झालं काय, तर "मॅचच्या दिवशी देतो" म्हणणारे पहिल्याच फेरीत हरले आणि गाडीला किक मारून गेले. फायनलच्या दिवशी स्पॉन्सरने फोन उचलला नाही. बॅनरवर छापलेलं बक्षीस द्यावंच लागलं आणि कात्री लागली पंचांना. दोन दिवस उन्हात उभ्या राहिलेल्या माणसांच्या पाकिटात निम्मे पैसे! पुढच्या वर्षी ते आलेच नाहीत, आणि का यावं त्यांनी?

तेव्हा फी २,००० ठेवा, आणि पैसे जमा झाल्याशिवाय लॉटमध्ये चिठ्ठी टाकू नका, मग तो अध्यक्षांच्या मेव्हण्याचा संघ का असेना. सोळाही आले तर ३२,००० जमतात, ७,८०० उरतात. रोख बक्षीस त्यातूनच, आणि आकडा लॉट पडल्यावर जाहीर करा. स्पॉन्सरचे पैसे हातात पडले तर वर घाला.

हे दर आमच्या तालुक्याचे, सहा ओव्हरच्या मॅचचे आणि दिवसाला आठ मॅच धरून. तुमचे तुम्ही घाला. लेदर बॉलला हा हिशोब चालणार नाही. लीग ठेवणार असाल तर चार-चार संघांच्या चार गटांच्या २४ मॅच, वर सेमी-फायनलच्या तीन. म्हणजे चार दिवस, मैदान आणि पंच दोन्ही दुप्पट. आमचे अध्यक्ष यंदा लीगच म्हणतायत, फी तीच हजार.