सीएमएफ शून्याच्या वर, शेअर मात्र खाली

प्रश्न: रिझल्टनंतर शेअर चार टक्के पडला आणि त्याच दिवशी चायकिन मनी फ्लो शून्याच्या वर गेला. असं कसं? झिरो क्रॉस झाला म्हणून घ्यायचा का?

इंडिकेटर बरोबरच आहे हो, फक्त त्याला कालचा क्लोज माहीतच नसतो. आजचा क्लोज आजच्याच हाय-लोच्या मध्ये कुठे बसला एवढंच तो बघतो, त्याला व्हॉल्यूमने गुणतो, आणि अशा २० दिवसांची बेरीज त्याच २० दिवसांच्या एकूण व्हॉल्यूमने भागतो.

```
M = ((C - L) - (H - C)) / (H - L)
CMF = sum(M * V, 20) / sum(V, 20)
```

समजा काल क्लोज ५००, आज गॅप-डाऊन उघडला, लो ४६०, हाय ४८०, क्लोज ४७८. M येतो (१८ − २) / २० म्हणजे +०.८. व्हॉल्यूम १० लाख, तर ८ लाख प्लसमध्ये जमा! तुमचे २२ रुपये गेले ते या हिशोबात कुठेच नाहीत, कारण गॅप मोजलाच जात नाही. खालच्या भावात दिवसभर खरेदी झाली एवढंच त्यातून कळतं, आणि तेही खोटं नाही.

पण खरी गंमत पुढे आहे, मी स्वतः तिथेच फसलोय. वरच्या दिवसानंतरचे १९ दिवस धरा, रोज २ लाख व्हॉल्यूम, क्लोज जरासे खालच्या बाजूला, त्यांची बेरीज उणे ३ लाख. तर विसाव्या दिवशी सीएमएफ ५ / ४८ म्हणजे साधारण +०.१०. दुसऱ्या दिवशी शेअर बरोब्बर रेंजच्या मध्यावर बंद झाला, M शून्य, व्हॉल्यूम तेच २ लाख, म्हणजे काहीच घडलं नाही. पण रिझल्टचा दिवस विंडोतून बाहेर पडला ना, त्यामुळे आता −३ / ४० म्हणजे −०.०७५. लाइन धाडकन शून्याखाली! मी असाच एकदा "पैसा बाहेर चाललाय" म्हणून विकून मोकळा झालो, आणि नंतर एक्सेलमध्ये मांडल्यावर कळलं की पैसा कुठेच गेला नव्हता, फक्त जुना बार गेला होता.

म्हणून क्रॉस दिसला की मी आधी २० बार मागे मोजतो, तिथे मोठा व्हॉल्यूमचा खांब असेल तर तो क्रॉस सोडून देतो. ±०.०५ च्या आतली वळवळ तर बघतच नाही. आणि हो, दिवसभर सर्किटला चिकटलेल्या शेअरमध्ये हाय आणि लो एकच असतात, भागाकारच होत नाही, तिथे M शून्य धरायची पद्धत आहे, म्हणजे अप्पर सर्किटलाही सीएमएफ शून्याकडेच ओढला जातो 😅

तुमच्या केसमध्ये मी तरी फक्त या क्रॉसवर घेणार नाही. त्या एका दिवसाचा बार काढून उरलेल्या १९ दिवसांचा सीएमएफ काढून बघा, तो प्लसमध्ये असेल तर पुढचं बोलू.