तीन तुकड्यांची तीन अ‍ॅव्हरेज, विषयाचं एकच कसं काढायचं?

प्रश्न : अ, ब, क तुकड्यांचं अ‍ॅव्हरेज ६२, ५८ आणि ८१ आलंय. मुलं ६०, ४५ आणि २०. मी तिन्ही अ‍ॅव्हरेज मिळवून तीनने भागले, ६७ आलं, तर चुकलंय म्हणून परत पाठवलं. काय चुकलं?

तीनने भागलंत तेव्हा क मधल्या २० मुलांना अ मधल्या ६० मुलांइतकंच वजन मिळालं. म्हणजे क मधला एकेक मुलगा अ मधल्या तीन तीन मुलांएवढा मोजला गेला, आणि नेमकी तीच तुकडी हुशार असल्यामुळे सगळा आकडा वर ओढला गेला.

अ‍ॅव्हरेज म्हणजे सगळ्यांच्या मार्कांची बेरीज भागिले मुलं, त्यामुळे आधी प्रत्येक तुकडीची बेरीज परत मिळवायची. अ चे ६२ × ६० = ३७२०, ब चे ५८ × ४५ = २६१०, क चे ८१ × २० = १६२०. एकूण ७९५० मार्क, मुलं १२५, भागून ६३.६. तुमच्या ६७ पेक्षा ३.४ ने कमी, आणि हा फरक काही छोटा नाही.

एक्सेलमध्ये दुसऱ्या ओळीपासून A मध्ये तुकडी, B मध्ये मुलं, C मध्ये अ‍ॅव्हरेज टाकलंत तर एवढंच पुरे :

```
=SUMPRODUCT(B2:B4,C2:C4)/SUM(B2:B4)
```

उत्तर आलं की एक नजर टाका, ते सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त अ‍ॅव्हरेजच्या मधेच पडायला हवं आणि मोठ्या तुकड्यांकडे झुकलेलं हवं. इथे १२५ पैकी १०५ मुलं ६२ आणि ५८ वाल्या तुकड्यांत आहेत, म्हणून ६३.६ पटतं. सगळ्या तुकड्यांत मुलांची संख्या सारखीच असेल तर मात्र नुसतं तीनने भागलं तरी चालतं, आणि बहुतेकांना तीच सवय लागलेली असते.

प्रश्न : एका तुकडीचा पट ४० आहे पण पेपरला ३६च आले होते, अ‍ॅव्हरेज ६० आहे. दुसरीत ५० मुलं, सगळी हजर, अ‍ॅव्हरेज ७०. गुणायचं ४० ने की ३६ ने?

ते ६० काढताना ज्या आकड्याने भागलं होतं, त्याच आकड्याने गुणायचं. खरी गडबड बहुतेक वेळा इथेच होते. ३६ ने भागून ६० आलं असेल तर तुकडीचे मार्क २१६० आहेत, पण तुम्ही पट बघून ४० ने गुणलंत तर २४०० होतात, म्हणजे कुणीच न मिळवलेले २४० मार्क बेरजेत घुसले. बरोबर हिशोब असा : २१६० + ३५०० = ५६६०, भागिले हजर ८६, म्हणजे सुमारे ६५.८.

आता गैरहजर मुलांना शून्य धरायचं का, तर ते तुमच्या शाळेच्या नियमाप्रमाणे ठरवा, पण सगळ्या तुकड्यांना एकच नियम लावा. शून्य धरलं तर तेच ५६६० भागिले ९०, म्हणजे ६२.९ येतं. मुलं तीच, मार्क तेच, आणि जवळजवळ तीन मार्कांचा फरक! माझं मत विचाराल तर हजर मुलांवरच काढावं आणि शेजारी गैरहजर किती ते लिहावं, कारण न दिलेल्या पेपरवरून शिकवणं कसं झालं ते कळत नाही.

कुणी कितीने भागलंय ते शीटमध्येच कळतं. एक्सेलचं AVERAGE रिकामा सेल आणि 'गैरहजर' असं लिहिलेला सेल सोडून देतं, पण ० लिहिलं असेल तर ते मोजतं. मार्कांच्या कॉलमला COUNT लावा, ३६ आलं तर हजर मुलांवर काढलंय, ४० आलं तर शून्यं टाकलेली आहेत.

प्रश्न : बाकीच्या सरांनी राउंड केलेले आकडेच दिलेत, मूळ मार्कलिस्ट नाही. चालेल का?

चालेल, पण उत्तर किती बारीक सांगायचं ते जपून. पूर्णांकात राउंड केलेलं अ‍ॅव्हरेज प्रत्येक तुकडीत अर्ध्या मार्कापर्यंत इकडेतिकडे असू शकतं, आणि सगळ्या एकाच बाजूला गेल्या तर एकूण उत्तरही तेवढंच सरकतं. वरचं ६३.६ अशा आकड्यांवरून आलं असेल तर खरं उत्तर ६३.१ ते ६४.१ मध्ये कुठेही असेल, मग ६३.६० असं दोन दशांशात लिहिण्यात अर्थ नाही. शक्यतो अ‍ॅव्हरेज मागूच नका, एकूण मार्क आणि किती मुलांचे एवढे दोनच आकडे मागा.

प्रश्न : एका तुकडीची टेस्ट ५० मार्कांची, दुसरीची १०० ची. एकत्र करू का?

आधी दोन्ही टक्क्यांत आणा, ५० पैकी ३८ म्हणजे ७६, मगच मुलांच्या संख्येने गुणा. पण पेपरच वेगवेगळे असतील, एक सोपा एक अवघड, तर हिशोब बरोबर येऊनही त्या एका आकड्यातून काही कळणार नाही, तेव्हा दोन्ही तुकड्यांची अ‍ॅव्हरेज वेगवेगळीच लिहून द्या.