नऊ आलेख नेले, दोन राहिले

प्रश्न: ऐरोलीत आमच्या ट्रस्टची छोटी शाळा आहे. फेब्रुवारीच्या बैठकीत विश्वस्तांपुढे बजेट रिपोर्ट ठेवायचा आहे. एक्सेलमध्ये चार्ट तर हवे तेवढे निघतात, पण नेमके कोणते टाकावेत? मागच्या वेळी कुणालाच काही कळलं नाही.

उत्तर: दोन टाका. बाकीचं तक्त्यात किंवा एका वाक्यात सांगा.

मी ठाण्यात एका शिक्षणसंस्थेचे हिशेब बघते. पहिल्या वर्षी हौसेने नऊ आलेख घेऊन गेले होते. त्यातला एक होता दरमहा पगारखर्चाचा, उभ्या खांबांचा. एप्रिलचा पगार ६.०५ लाख, वाढत वाढत डिसेंबरचा ६.३५ लाख. आमच्यातले एक विश्वस्त बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "मॅडम, नऊ महिन्यांत पगार तिप्पट कुणाचे केलेत?" मी बघितलं तर डिसेंबरचा खांब खरंच एप्रिलच्या तिप्पट उंच. आकडे एकमेकांच्या जवळ असले की एक्सेल अक्ष शून्यापासून सुरूच करत नाही. माझा ५.९० पासून सुरू झाला होता, म्हणून पाच टक्क्यांची वाढ तिप्पट दिसली. `Format Axis` मध्ये `Minimum` ला `0` घातलं की खांब खरे दिसतात. तसे केले, तर सगळे सारख्याच उंचीचे झाले. म्हणजे त्या आलेखाला सांगायचं असं काही नव्हतंच. काढून टाकला.

पाय चार्टचंही तसंच झालं. अकरा हेड्सच्या अकरा फोडी, त्यात पगाराची एक अवाढव्य आणि बाकीच्या दोऱ्यासारख्या. शिवाय बैठकीत सगळ्यांच्या हातात असते झेरॉक्स, त्यात लाल, हिरवा, निळा सगळे करडे होतात. त्याऐवजी आता मी लिहिते, "शंभरातले ८१ रुपये पगारावर जातात." कुणी पुढे विचारत नाही.

आता ठेवण्याजोग्या दोनांतला पहिला, तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांतला फरक. इथे बहुतेक जण दोन-दोन खांब शेजारी उभे करतात, एक बजेटचा, एक खर्चाचा. पगार ५४ लाखांचा आणि वीज पावणेतीन लाखांची, त्यामुळे पगार सोडून बाकी सगळं गवतासारखं तळाशी. म्हणून रकमा काढूच नका, फक्त फरक काढा. आडव्या पट्ट्या, मधोमध शून्याची रेघ, जास्त खर्च उजवीकडे, कमी खर्च डावीकडे, सगळ्यात मोठा फरक वर. एप्रिल ते डिसेंबरचे आमचे आकडे असे होते:

| हेड | तरतूद (लाख) | खर्च (लाख) | फरक (लाख) |
|---|---|---|---|
| पगार | ५४.०० | ५५.८० | +१.८० |
| विद्यार्थी मदत | ३.०० | १.९० | −१.१० |
| वीज | २.७० | ३.१५ | +०.४५ |
| दुरुस्ती | ५.४० | ५.२० | −०.२० |
| स्टेशनरी | ०.२० | ०.३४ | +०.१४ |

फरक रुपयांतच दाखवा, टक्क्यांत नको. टक्क्यांत काढलं तर स्टेशनरी ७० टक्क्यांनी सगळ्यांच्या वर जाऊन बसते आणि अर्धा तास चौदा हजारांच्या कागदावर जातो. पगाराचे एक लाख ऐंशी हजार मात्र "फक्त सव्वातीन टक्के" म्हणून निसटतात. आणि डावीकडची पट्टी ही शाबासकी समजू नका. विद्यार्थी मदतीचे एक लाख दहा हजार वाचले नव्हते, अर्ज मागवायची नोटीसच उशिरा लागली होती. म्हणून मी प्रत्येक मोठ्या पट्टीपुढे चार शब्दांत कारण लिहिते.

दुरुस्तीची ५.४० लाखांची तरतूद कुठून आली, हे नीट बघा, कारण फरकाचा आलेख चुकतो तो इथेच. वर्षाची तरतूद ६ लाख. बाराने भागून नऊने गुणलं तर ४.५० येते, आणि ५.२० खर्च म्हणजे सत्तर हजारांची उधळपट्टी दिसते. पण आपल्याकडे गच्चीचं वॉटरप्रूफिंग पावसाच्या आधीच उरकावं लागतं, ते मेमध्येच झालं. महिनावार वाटणी केली तर डिसेंबरअखेर ५.४० लाख जायलाच हवे होते, उलट वीस हजार वाचले. पगार महिन्याला सारखा वाटला तरी चालतो. दुरुस्ती, परीक्षा, स्नेहसंमेलन यांची तरतूद ज्या महिन्यात काम होतं त्या महिन्यातच घाला. ही वाटणी एप्रिलमध्येच करून ठेवलेली बरी, नंतर केली की सोयीची होते.

काढताना दोन खोड्या येतात. डावीकडच्या पट्ट्या हेडच्या नावांवर चढतात. त्यासाठी नावांच्या अक्षावर `Label Position` ला `Low` करा. आणि आडव्या पट्ट्यांत एक्सेल क्रम उलटा लावतं, तिथे `Categories in reverse order` वर टिक करा. रंगांऐवजी एक बाजू गडद भरीव आणि दुसरी तिरप्या रेघांची ठेवा, झेरॉक्समध्ये टिकते. जमेचा फरक या आलेखात मिसळू नका; जमा जास्त आली तर चांगलं, खर्च जास्त झाला तर वाईट, आणि दोन्ही उजवीकडेच. वाचणारा गोंधळतोच.

दुसरा आलेख एका रेघेचा, महिनाअखेरीस हाताशी किती पैसे आहेत याचा. डिसेंबरपर्यंत सलग रेघ, पुढच्या वर्षाच्या अंदाजाला तुटक. यात बँकेतली सगळी शिल्लक घालायचा मोह आवरा. आमच्या अंदाजात पुढच्या मेअखेर सगळे मिळून ५८ लाख दिसत होते, कुणालाही वाटेल की चैन आहे. त्यातले ४५ लाख कॉर्पसचे, म्हणजे देणगीदारांनी कायम निधी म्हणून दिलेले, आणि ८ लाख इमारत निधीचे. पगाराला यातलं काहीच वापरायचं नाही. उरले ५ लाख. महिन्याचा पगार सहाच्या वर, आणि फीचा पहिला हप्ता जूनच्या मध्याशिवाय येत नाही. मी त्याच आलेखावर एका महिन्याच्या पगाराची आडवी रेघ मारली. मेमध्ये शिलकीची रेघ तिच्याखाली जाताना सरळ दिसली.

धर्मादाय कार्यालयाला जायचं अंदाजपत्रक वेगळं ठेवा. ज्या ट्रस्टना ते बंधनकारक आहे त्यांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३१-अ प्रमाणे ते नवं वर्ष सुरू व्हायच्या किमान महिनाभर आधी ठरलेल्या नमुन्यात द्यायचं असतं. तिथे चित्रांचं काम नाही. तुमचं वर्ष एप्रिल-मार्च असेल तर फेब्रुवारीची बैठक शेवटच्या आठवड्यात ढकलू नका.

यंदा माझा रिपोर्ट तीन पानांचा होता, दोन आलेख आणि एक तक्ता. बँकवाल्या काकांनी मेच्या खड्ड्यावर बोट ठेवलं आणि मागच्या पटांगणातल्या चार लाखांच्या शेडबद्दल विचारलं, "कंत्राटदाराला अर्धं बिल जूनच्या पंधरानंतर चालेल का, विचारता?" विचारलं. चालेल म्हणाला.