गायब झालेले मेसेज: रिस्टोअर करण्याआधी हे वाचा

«समोरच्याने व्हॉट्सॲपवर २४ तासांचा टायमर लावून धमक्या दिल्या. आता चॅटमध्ये काहीच उरलेलं नाही, स्क्रीनशॉट एकच आहे. ॲप काढून पुन्हा टाकलं आणि बॅकअप रिस्टोअर केला तर मेसेज परत येतील का? पुरावा म्हणून काय दाखवता येईल?»

ॲप काढू नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. मीही याच कचाट्यात सापडलो होतो. एका कार्यालयाने "मेसेजच नाहीत तर तक्रार कशाची? आधी रिस्टोअर करून आणा" असं सांगितलं आणि तो सल्ला सगळ्यात महागात पडला. मेसेज गायब होण्याआधी बॅकअप झाला असेल तर त्यात तो मेसेज असतो, पण रिस्टोअर करताना व्हॉट्सॲप स्वतःच गायब होणारे मेसेज पुसतं. म्हणजे हाती असलेला पुरावा आपल्याच हाताने जातो.

अँड्रॉइड असेल तर वेळेचं गणित असं असतं. समजा, धमकी सोमवारी रात्री १० ला आली. फोनमधला बॅकअप सहसा पहाटे २ ला होतो, म्हणजे मंगळवार पहाटेच्या फाईलमध्ये ती धमकी आहे. मंगळवारी रात्री १० ला ती चॅटमधून गेली, बुधवारच्या फाईलमध्ये ती नाही. पण फोन साधारण मागच्या सात दिवसांच्या फाईली ठेवतो. तेवढ्या मुदतीत फोन संगणकाला जोडून हा अख्खा फोल्डर कॉपी करा:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
```

तारीख असलेल्या फाईली `msgstore-` ने सुरू होतात आणि शेवटी `.crypt14` किंवा `.crypt15` असतं. त्या उघडायचा प्रयत्न करू नका. कुलपाची किल्ली फोनच्या आतल्या, आपल्याला न दिसणाऱ्या भागात असते. ते काम न्यायसहायक प्रयोगशाळेचं. म्हणून फोन विकू नका, फॅक्टरी रीसेट करू नका. बॅकअपला वेगळा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली असेल तर ती लिहून ठेवा. कॉपी झाल्यावर लगेच विंडोजवर त्याच फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून फाईलचा हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, काढा (फाईलच्या नावाच्या जागी तुमच्या फाईलचं पूर्ण नाव घाला):

```
certutil -hashfile msgstore-2025-03-04.1.db.crypt14 SHA256
```

येणारी ओळ तारीख-वेळेसह कागदावर उतरवा. पुढे कोणी "फाईलमध्ये फेरफार केला" म्हणालं, तर उत्तर हेच. आयफोनमध्ये अशा रोजच्या फाईली मिळत नाहीत. संगणकावर जुना बॅकअप असेल तर नवीन घेण्याआधी त्याची प्रत काढा.

चॅट रिकामी दिसली तरी काही गोष्टी राहतात. टायमर कोणी सुरू केला याची ओळ चॅटमध्येच असते. तुम्ही धमकीला 'रिप्लाय' दाबून उत्तर दिलं असेल तर वर उद्धृत केलेला मजकूर मूळ मेसेज गेल्यावरही राहू शकतो, तिथे नक्की बघा. तुम्ही तो मेसेज बहिणीला फॉरवर्ड केला असेल आणि त्या चॅटला टायमर नसेल तर तिच्या फोनमध्ये तो आहे. मग तीही साक्षीदार होते. नोटिफिकेशन हिस्टरी आधीपासून चालू असेल तरच उपयोगाची, आणि तीही २४ तासांपुरती.

"कंपनीकडून मेसेज मागवू" या आशेवर बसू नका. पोहोचलेला मेसेज व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर राहत नाही. पोलीस त्या व्हॉट्सॲप खात्याची माहिती कंपनीकडून मागवू शकतात आणि सिम कोणाच्या नावावर आहे हे टेलिकॉम कंपनीकडून कळतं. टाईप कोणी केलं हे मात्र बॅकअपवरूनही सिद्ध होत नाही, त्याला आजूबाजूची परिस्थिती लागते.

आता कागद. १ जुलै २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. प्रत दाखल करताना त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. भाग 'अ' फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने. फोनचं मॉडेल, आयएमईआय आणि हॅश त्यात येतं. मूळ फोनच न्यायालयात हजर करून मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुन्या पुरावा कायद्याच्या ६५ब कलमाखाली २०२० च्या अर्जुन खोतकर निकालात म्हटलं होतं. तो वाद जालन्याच्या निवडणुकीचा होता. त्यात वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नाही, आणि मागणाऱ्याने हातात होतं ते सगळं केलं म्हणून न्यायालयाने ती अट सोडली. म्हणून कुठलंही कार्यालय नकार देत असेल तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी नकार पुढे दाखवता येत नाही, आणि माझ्या मते अर्ध्या तक्रारी इथेच मरतात.

दुसऱ्या बाजूने मेसेज मुद्दाम पुसले असतील तर वकिलांना भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ बद्दल विचारा. पुरावा न्यायालयात येऊ नये या हेतूने नष्ट करणं हा त्याखाली गुन्हा आहे. नुसता टायमर लावणं त्यात बसेल असं मी म्हणणार नाही, हेतू दाखवावा लागतो. मी वकील नाही, त्यामुळे कलमं लावण्याआधी त्यांचा सल्ला घ्याच. फाईल कॉपी करायला मात्र त्यांच्या भेटीची वाट बघू नका, सातवा दिवस थांबत नाही.

तो एक स्क्रीनशॉटही मूळ फाईलच ठेवा. व्हॉट्सॲपवरून कोणाला पाठवलात तर तो दाबला जाऊन बदलतो आणि हॅश जुळत नाही. पेन ड्राईव्हवरच न्या.